सहावा बोल्ट

प्रेमदासच्या तोंडावर पहिली लाथ बसली तेव्हा गिरणीचा मिस्त्री हरिदास इंजिनापाशी उकिडवा बसला होता. आवाज ऐकायला लांब पेचकस बेअरिंगवर टेकवून त्याने त्याची मूठ कानाला लावली होती.

नालवाडीच्या बाहेरची सरकीची तेलगिरणी. साल एकोणीसशे शहात्तर. एकाच डिझेल इंजिनावर सगळे घाणे फिरायचे. पुरुषभर उंचीचं त्याचं चाक, आणि चाकाच्या बाजूच्या पुलीवरून हातभर रुंद पट्टा. चार दिवसांपूर्वी, पूर्ण भारावर चालताना, तो पट्टा पुलीवरून सरकला आणि जवळ उभ्या रूपरावचा हात खांद्यापासून ओढून घेऊन गेला. आज रात्री नऊला दवाखान्यातून निरोप आला, रूपराव गेला. दहाला त्याचा मोठा भाऊ बबनराव, गिरणीचा मुकादम, तिघांना घेऊन इंजिनघरात शिरला. हातात लोखंडी सळई.

बबनरावचं म्हणणं सरळ होतं. इंजिनात दोष नाही, दोष इंजिनाला तेल देणाऱ्या प्रेमदासमध्ये आहे. इंजिनाच्या पायाच्या सहा बोल्टांपैकी पुढचा, दाराकडचा बोल्ट गिरणीचा देव होता. नऊ वर्षांमागे कोणीतरी त्याला शेंदूर फासला, मग दर शनिवारी तेल आणि शेंदूर, दसऱ्याला नारळ. थरावर थर चढून बोल्टाचं डोकं आणि नट मिळून नारळाएवढा लाल गोळा झाला होता. पाळी सुरू करताना सगळे त्याला हात जोडत. प्रेमदास जोडत नसे. त्याच्या बापाने छप्पन्न साली दीक्षा घेतली होती, घरात शेंदूर नव्हता. तो फक्त बाजूने वळून जायचा. एवढंच त्याचं पाप.

लाथेने तो भिंतीवर आदळला. दुसऱ्याने त्याचे केस धरून डोकं जमिनीवर आपटलं. दात निखळून लाद्यांवर घरंगळला. इंजिन चालूच होतं, पट्टा उतरवलेला, तरी त्याचा सगळा सांगाडा थरथरत होता. बबनराव म्हणाला, "उचला त्याले. चाकात घाला. देवाले हात जोडत नाई ना, मंग देवच पाहीन त्याले."

हरिदास मध्ये उभा राहिला. सळई त्याच्या खांद्यावर बसली आणि डावा हात लुळा पडला. त्याने सळईचं टोक उजव्या हातात धरलं आणि सोडलं नाही. एवढंच बोलला की पंधरा मिनिटं दे, पट्टा काऊन सरकला ते दाखवतो, नाही दाखवलं तर चाकात मला घाल.

"पंधरा मिनिटं," बबनराव म्हणाला. त्याचे डोळे कोरडे होते. प्रेमदासच्या पाठीवर दोघे बसून राहिले.

हरिदास सिंदी मेघे गावच्या देवळात कीर्तनात टाळ धरायचा. बुवा चाल बदलायच्या आधीच त्याचा हात थांबायचा, इतका ताल त्याच्या अंगात होता. त्या तालानेच त्याला चार दिवस झोपू दिलं नव्हतं. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक धडक असायची, ती ओळखीची. आता तिच्या मागोमाग एक दुसरी, बारीक, उशिरा पडणारी ठोक येत होती, जणू कोणी टाळकरी मागे राहिला आहे. खांदा दुखत असताना त्याने परत सुरुवातीपासून सुरू केलं.

पट्टा उतरवलेला असूनही ठोक होती, म्हणजे दोष पट्ट्यात वा घाण्यात नव्हता. दोन्ही बेअरिंगांवर पेचकस सपाट, एकसारखं गुणगुणत होता. इंजिन बंद करून त्याने चाकाची पाचर हातोडीने ठोकून पाहिली, घट्ट. मग पायाचे बोल्ट. एक ते पाच, हातोडीने टण, टण. घट्ट बोल्ट असाच वाजतो. सहाव्यावर हातोडी उचलली आणि तशीच राहिली.

पाच बोल्ट तो दर महिन्याला पान्याने आवळायचा. सहाव्याला हात जोडायचा. नऊ वर्षं.

"हात लावू नको त्याले," मागून एक जण म्हणाला.

हरिदासने हातोडी खाली ठेवली आणि इंजिन परत चालू केलं. देवाला न ठोकता तो जमिनीवर पालथा झाला, कंदील जवळ घेतला. इंजिनाचा बीडाचा पाय आणि खालचं सिमेंट यांच्यामधल्या फटीत लाल तेल साचलं होतं. प्रत्येक फेऱ्याला ते तेल आत ओढलं जात होतं आणि बुडबुड्यासह बाहेर फुटत होतं. दट्ट्या पुढे धावला की इंजिनाचा हा कोपरा केसभर उचलला जाई, मागे फिरला की धपकन बसे. तीच ती उशिराची ठोक.

त्याने बबनरावला बोलावलं. खाली वाक, बोट ठेव. बबनराव हलला नाही. मग हरिदासने त्याचं मनगट धरलं आणि बोट फटीवर दाबलं. बोटाच्या कातडीला इंजिनाने चिमटा घेतला, सोडला, परत घेतला. बबनरावने हात झटकून घेतला.

हरिदासने डिझेल बंद केलं. जड चाक थांबायला तीन मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात तो सांगत होता. शनिवारचं तेल नटाखालून झिरपत जातं, खालच्या सिमेंटच्या थरात मुरतं, नऊ वर्षांत तो थर भुसभुशीत झाला. बोल्टाला ताण राहिला नाही. कोपरा उचलला की पुली तिरकी होते, पट्टा कडेकडे सरकतो. भार जास्त, धक्का जास्त. रूपराव उभा होता तेव्हा पूर्ण भार होता.

चाक थांबलं. हरिदासने डोळे मिटून दोन शब्द पुटपुटले, छन्नी घेतली आणि शेंदूर खरवडायला लागला. लाल ढेकळं पडली. प्रेमदासच्या पाठीवरचे दोघे पाहायला उठून जवळ आले. आतला नट दिसला, काळा, तेलकट. पान्याची गरज पडली नाही. त्याने तो दोन बोटांनी फिरवला.

बबनरावने त्या बोटांकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "तेल मी टाकत होतो."

"आन् आवळणं माझं काम होतं," हरिदास म्हणाला. "मारायचं असंल त मले मार."

प्रेमदास कोपरावर उठला. ओठ फाटला होता, शब्द रक्तातून येत होते. "हरिदासभाऊ, पोळ्याच्या आधी मीनं तुले विचारलं होतं, हा बी आवळू का म्हून. तू म्हणाला, तू नको हात लावू त्याले."

हरिदासला ते आठवलं. 'तू' वर त्याने जोर दिला होता.

सळई वर गेली. बबनरावच्या तोंडातून आवाज निघाला, रडण्याचा की शिवीचा कळलं नाही. ती हरिदासच्या उजव्या पंजावर उतरली, बोटांची हाडं वाजली. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा हरिदासने हात तसाच पुढे ठेवला होता. प्रेमदासने खालूनच सळई धरली. बबनरावने एकदा ओढली. प्रेमदासने सोडली नाही.

बबनराव लाद्यांवर बसला आणि मग पहिल्यांदा भावाचं नाव घेऊन रडला. त्याचे साथीदार एकेक करून दाराबाहेर निघून गेले.

हरिदासने सांगितलं की इंजिन आता सुरू करायचं नाही. नुसता नट आवळला तर बोल्ट भुगा झालेल्या सिमेंटातून वर ओढला जाईल. भुसभुशीत थर खोदून काढायचा, नवं सिमेंट भरायचं, ते पुरतं पक्कं झाल्यावर सहाही बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे आणि इंजिन तापल्यावर परत एकदा. पहाटे मॅनेजर आला तेव्हा हरिदासने त्यालाही हेच सांगितलं, आणि कोणाच्या हलगर्जीपणाने रूपराव मेला हे विचारल्यावर स्वतःचं नाव घेतलं. प्रेमदासला कोणी मारलं तेही सांगितलं. बबनराव समोर बसला होता. त्याने होकारार्थी मान हलवली.

दवाखान्यात जायला बैलगाडी आणली. हरिदासने एका बाजूला जागा करून दिली. प्रेमदास त्याच्याकडे न पाहता मागच्या कडेला बसला, आणि गाडी हलली.