दुधाची छाट

छबूबाईंनी बद्रुन्निसाचा विड्यांचा कट्टा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि तसाच खाली ठेवला. एकही विडी पोकळ नव्हती. तोंडं नीट मिटलेली, दोरा घट्ट. अशा हातात खोट काढायची म्हणजे बाईच्या अन्नात माती कालवायची.

"बघा नीट," शेजारच्या गादीवरून सूर्यभान मुनीम म्हणाला.

"बघितला. चांगला हाय."

"टोपली रिकामी हाय, बाई."

टोपली छाटीची. पानं नि तंबाखू कारखान्यानं तोलून द्यायची, बायकांनी घरी विड्या वळून आणायच्या आणि त्यातल्या वाईट विड्या मुनीमाने बाजूला काढायच्या, ही छाट. तिची मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत. वाईट ठरलेल्या त्याच विड्या मागच्या खोलीत पुन्हा कट्ट्यात बांधल्या जात आणि बाजारात खपत, हे नगरच्या तोफखाना वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

छबूबाई याच टोपलीपुढे अर्धं आयुष्य भांडल्या होत्या. विड्या वळताना पोर रडलं की त्याला अफूची कणी चाटवायची, ही वस्तीतली जुनी रीत. त्यांची धाकटी लेक अशीच एका दुपारी झोपली ती उठलीच नाही. त्यानंतर त्यांनी विड्या वळायचं सूप खाली ठेवलं आणि शाळेच्या पडवीत पाळणाघर मांडलं. चार दुकानदारांच्या देणगीवर दूध यायचं, पोरं जागी राहून रांगायची, आणि बाईंना वाटायचं, आपलं काहीतरी फिटलं.

बहात्तरच्या दुष्काळानं ते आटवलं. गोठे ओस पडले, बाई दिसल्या की दुकानदार तोंड चुकवू लागले. तेव्हा कारखान्याचे शेठजी स्वतः पडवीत आले, हात जोडून.

"छाटीचं सगळं उत्पन्न आजपासून पाळणाघराला. मला त्यातला पैसा नको."

घाम कुणाचा आणि पुण्य कुणाचं, हे न कळण्याइतक्या छबूबाई भोळ्या नव्हत्या. पण बाटल्या रिकाम्या होत्या. त्यांनी एकच अट घातली, छाट वाढता कामा नये.

"मग तुम्हीच बसा छाटीला," शेठजी लगेच म्हणाले. "बायांचा तुमच्यावर विश्वास आहे."

बाईंना केवढा आनंद झाला होता! ज्या गादीनं आपल्याला रडवलं तिच्यावर आपण बसणार, जुलूम आपल्या हातानं थांबवणार. घरोघर जाऊन त्यांनी तसं सांगितलंही. पहिले काही दिवस खरोखर फुटकी विडी तेवढीच काढली. टोपलीचा तळ दिसत राहिला आणि पडवीतलं दूध पातळ होत गेलं. शेठजींकडे गेल्या तर ते हसून म्हणाले, "दूध किती आणायचं ते तर तुमच्याच हातात आहे, बाई."

मग हात सैल सुटला. एका कट्ट्यातून दोन, मग चार. पूर्वी सूर्यभानाच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बायका आता गप्प उभ्या राहत. आपल्याच लेकरांच्या दुधावर कोण भांडणार? त्या शिव्या परवडल्या असत्या, असं बाईंना रोज वाटे. उठून जावं तर पडवीला कुलूप, बसावं तर हे.

आज मात्र त्यांनी ठरवलं होतं, चांगल्या विडीला हात लावायचा नाही. बद्रुन्निसाचा कट्टा त्यांनी तिच्याकडे सरकवला.

बद्रुन्निसानं तो घेतला नाही.

"छबूआपा, सकाळी माझं पोर रडत हुतं का?"

"रडलं थोडं. दूध पुरलं न्हाई."

"पडवीवरनं जाणाऱ्या पाटीवाल्या मावशी सांगत हुत्या, लई रडलं म्हणून." तिनं पदर सारखा केला. "मग उद्या झोपवून पाठवू का?"

झोपवून म्हणजे काय, ते छबूबाईंना सांगावं लागत नव्हतं. बोटं आपोआप कट्ट्याकडे गेली. एक विडी काढली, दुसरी काढली. तिसरी काढताना ती इतकी सुबक निघाली की त्यांना ती खाली ठेववेना.

बद्रुन्निसानं ती त्यांच्या बोटांतून हलकेच काढून घेतली आणि टोपलीत टाकली. मग टोपली थोडी पुढे ओढली.

"घ्या अजून. मी काही म्हणते का?"

तिच्यामागे गोजरबाई उभी होती. तिनं आपला नंबर येण्याआधीच कट्ट्याचा दोरा सोडला आणि खाली बसून आपल्याच विड्या निवडायला लागली. चांगल्या चांगल्या वेगळ्या करून टोपलीकडे सरकवत होती. तिच्यामागचीनंही दोरा सोडला.

सूर्यभानानं ते बघितलं. मग त्यानं टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि चहा प्यायला निघून गेला. त्यानं तिथं बसायची आता गरज राहिली नव्हती.