घरभेटीवर अकरा हरकती

"आपल्या अर्जावर माझी हरकत आहे," फोनवरचा माणूस म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम हरकत.

आम्रपाली रणपिसे तेव्हा खराडीतल्या एका कंपनीच्या नवव्या मजल्यावर चाळीस इंजिनियरांना खुर्चीवर बसायला शिकवत होती. हसू नका, तिची नोकरीच ती होती. साडेचार वर्षं फिजिओथेरपीची पदवी, त्यावर दोन वर्षं मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचं उच्च शिक्षण, आणि आता दर दोन तासांनी सगळ्यांच्या मोबाइलवर "खांदे मागे घ्या" असा निरोप पाठवायचा. निरोप आला की चाळीस जण खांदे मागे घेत, निरोप गेला की पुढे. दीड वर्षात तिने एकाही लकवा मारलेल्या माणसाचा हात हातात घेतला नव्हता, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटत असे. सोमवारी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करायची होती. त्याआधी दुसरीकडे जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा खुर्च्या.

म्हणूनच तिने नारायण पेठेतल्या केळशीकर फिजिओथेरपी क्लिनिकला पत्र लिहिलं होतं.

"कोण बोलतंय आपण? आणि अर्ज तुम्ही कुठे वाचलात?"

"मी आनंद पेठकर. वाचला म्हणजे काय, भिंतीवर लावलाय. आपण घरभेटीची वेळ चार ते सात लिहिलीये. चार ते पाच आमचा चहा असतो."

संध्याकाळपर्यंत असे सहा फोन आले. सहाव्या फोनवरच्या बाईंनी "आपण मूळच्या कुठल्या?" असं विचारलं. "विश्रांतवाडीच्या," आम्रपाली म्हणाली. "नाही, त्याच्याही आधी?" बाई म्हणाल्या. "त्याच्याही आधी विश्रांतवाडीच," असं सांगून तिने फोन ठेवला आणि केळशीकरांना लावला.

अनिरुद्ध केळशीकर स्वतः फिजिओथेरपिस्ट होते. वय अडुसष्ट. अडतीस वर्षं लोकांच्या पाठी, माना आणि पोटऱ्या दाबून त्यांचे दोन्ही अंगठे कामातून गेले होते, म्हणून त्यांना हाताखाली नाही तर हाताच्या जागी माणूस हवं होतं.

"अहो, माझं पत्र तुम्ही भिंतीवर लावलंत? फोन नंबरासकट?"

"मग? नंबर झाकला असता तर लोकांनी हरकती कळवायच्या कुठे?" केळशीकर शांतपणे म्हणाले. "रुग्णांच्या अंगाला हात लावणारं माणूस आहे. त्यांना विचारायला नको? हरकती आणि सूचनांसाठी आठ दिवस दिलेत. शनिवारी अकराला सुनावणी. येताना मूळ प्रमाणपत्रं आणा."

ही कल्पना अर्थातच पेठकरांची. पेठकर महानगरपालिकेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी शहरातल्या रस्त्यांच्या कामांवर लोकांच्या हरकती मागवल्या, ऐकल्या आणि फायलीत लावल्या. निवृत्त झाल्यावर ऐकायला काही उरलं नाही, तेव्हा खांदा आखडला. डॉक्टर लोक याचं कारण वेगळं सांगतात, पण मला विचाराल तर हेच.

आम्रपालीला राग आला होता, आणि तो रास्त होता. तरी शनिवारी ती गेली, कारण सोमवार जवळ आला होता.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या, आणि कठड्याशेजारी पाटी: "येथे थांबून दम घेऊ नये. वर खुर्च्या आहेत." वर खरोखरच खुर्च्या होत्या, आणि सगळ्या भरलेल्या. भिंतीवर तिचं पत्र डकवलेलं होतं. त्याच्या चारही बाजूंनी इतक्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या की पत्र शोधावं लागलं.

केळशीकर टेबलामागे बसले. पेठकर त्यांच्या शेजारी, आखडलेला खांदा सांभाळत, हरकती वाचायला.

"मुद्दा पहिला, पदवी. हरकत अशी की, उमेदवाराने सुवर्णपदकाचा उल्लेख केलेला नाही. मिळालं नसल्यास तसं स्पष्ट लिहावं."

"मिळालं नाही," आम्रपाली म्हणाली.

"लिहून घेतलं. मुद्दा दुसरा, नोंदणी. राज्य परिषदेच्या नोंदणीचं उमेदवाराने नुकतंच नूतनीकरण केलं असून ती पाच वर्षांनी संपते. हरकतदाराचा गुडघा तोपर्यंत बरा होईल याची हमी कोण देणार?"

"गुडघ्याचं नूतनीकरण परिषद करत नाही," आम्रपाली म्हणाली. "नोंदणीचं मी वेळेवर करीन."

खुर्च्यांमधून "हं" असा आवाज आला. पुण्यात याला टाळ्या म्हणतात.

"नोंदणी क्रमांक मी स्वतः परिषदेकडे तपासला," केळशीकर म्हणाले. "खरा निघाला. आजकाल चार दिवसांचा कोर्स करून लोक मानेचे कडाकड आवाज काढतात आणि स्वतःला डॉक्टर म्हणवतात. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका."

"वाटलं नाही. उलट तेवढंच एक योग्य केलंत."

केळशीकरांनी चष्म्यावरून पाहिलं. पेठकर घाईने पुढे सरकले.

"मुद्दा तिसरा, रुग्णांचे प्रकार. आपण लिहिलंय: पक्षाघात, कंपवात, गुडघा बदलल्यानंतरचे व्यायाम, मान-कंबर. लहान मुलांच्या विकारांचा अनुभव नाही. बरं. यावर तीन हरकती. एक, माझं दुखणं यादीत नाही, तरी दुखणं बदलावं की यादी ते कळवावं. दोन, पक्षाघात हा शब्द दारासमोर लावू नये, वाचून धडधडतं. तीन, उमेदवाराने अनुभव नसलेली गोष्ट कबूल केली आहे, हे संशयास्पद वाटतं."

तिसऱ्या हरकतीवर बरीच चर्चा झाली. अनुभव नाही असं आजवर कुणी लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळे यामागे काय डाव असावा हे कुणाला कळेना. शेवटी केळशीकरांनी टेबलावर पेन आपटलं.

"आणि आता घरभेटी," पेठकर म्हणाले आणि पाणी प्यायले. "आपण लिहिलंय: सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते सात, पाच किलोमीटरच्या आत, स्वतःच्या स्कूटरवर, पहिल्या भेटीत डॉक्टरांचे कागद दाखवावेत. यावर अकरा हरकती आहेत. अकराही जणांचं म्हणणं, घरभेट मलाच आधी मिळावी, कारण मला जिना चढवत नाही."

"अकरा जण?" आम्रपाली म्हणाली.

"अकरा. त्यात मी आहे."

आम्रपालीने चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे. "या चिठ्ठ्या लोकांनी कुणाच्या हाती पाठवल्या का?"

"छे! हरकत स्वतः येऊन, सही करून लावायची. तसा नियमच आहे."

"म्हणजे बावीस पायऱ्या चढून."

"अर्थात."

"आणि परत उतरून."

पेठकरांनी मान वळवून भिंतीवरची स्वतःची सही पाहिली.

"ज्यांनी घरभेट हवी म्हणून इथे येऊन चिठ्ठी लावली," आम्रपाली म्हणाली, "त्यांना घरभेटीची गरज नाही. हे मी म्हणत नाही, तुमच्या सह्या म्हणतात. मला ज्यांच्याकडे जायचंय त्यांची चिठ्ठी या भिंतीवर असूच शकत नाही. केळशीकर सर, जे यायचे बंद झाले त्यांची नावं कुठे आहेत?"

केळशीकरांनी खालच्या खणातून एक लांबट रजिस्टर काढलं आणि तिच्याकडे सरकवलं. पान उघडून देताना त्यांचा चेहरा आक्रसला; अंगठा दुखला असावा, किंवा दुसरं काही असेल.

पान भरून नावं होती. प्रत्येकापुढे एकाच हस्ताक्षरात एकच शेरा: "रुग्णाने उपचार सोडले."

"सोडले की सुटले?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"माझे अंगठे गेले," केळशीकर म्हणाले. "घरभेटी मी तीन वर्षांपूर्वी थांबवल्या. कुणी पुन्हा विचारायला आलं नाही. मला वाटलं, बरं वाटत असेल."

पहिलंच नाव मथुराबाईंचं होतं. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या. डाव्या अंगावरून वारं गेलेलं. दोन पुतण्यांनी खुर्चीत बसवून चार वेळा वर आणलं होतं, पाचव्यांदा आणलं नाही. त्याला चौदा महिने झाले होते.

"सोमवारपासून या," केळशीकर म्हणाले. मग ते उठले. "नाही. आत्ताच चला. मीही येतो."

"सुनावणी पूर्ण झालेली नाही!" पेठकर ओरडले. "निकाल लेखी द्यावा लागतो!"

केळशीकरांनी भिंतीवरचं पत्र ओढून काढलं, पाठीमागे "मंजूर" असं लिहिलं, तारीख घातली आणि ते पेठकरांच्या हातात दिलं. चिठ्ठ्या भिंतीवर तशाच राहिल्या, मध्ये पत्राएवढी रिकामी जागा.

मथुराबाई दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांची सून अक्षता हिने दार उघडलं आणि दोघांकडे पाहून ती जरा गोंधळली. आत खिडकीपाशी पलंग होता. मथुराबाई उशांना टेकून बसलेल्या, डावा हात मांडीवर, मूठ मिटलेली. आम्रपालीने आधी डिस्चार्जचे कागद मागितले, सगळे वाचले, रक्तदाब मोजला, मग स्वतःचं नाव, पदवी आणि नोंदणी सांगितली. मथुराबाईंनी त्यातलं काहीही विचारलं नव्हतं. त्या केळशीकरांकडे बघत होत्या.

"चढून आलात?" त्यांनी विचारलं. बोलणं सावकाश, पण स्वच्छ.

"हो," केळशीकर म्हणाले. "आमच्याकडचा जिना तुमच्यासारख्यांना चढवत नाही, म्हणून..."

"मला उतरता येत नव्हतं, अनिरुद्धराव," मथुराबाई म्हणाल्या. "तुम्हाला चढता येत होतं."

अक्षता चहा ठेवते म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

आम्रपालीने मथुराबाईंची मिटलेली मूठ हातात घेतली. बोटं एकेक करून, घाई न करता उघडली. आतला तळवा पांढरट आणि ओलसर होता. कितीतरी दिवसांनी त्याला वारा लागत होता.

"आजी, आज पलंगाच्या कडेला नुसतं बसायचं. जमलं तर एकदा उभं राहू. मी धरते. पण तुमचा हा डावा पाय सरकेल, कुणीतरी खाली बसून धरायला हवा."

अक्षता पुढे झाली, पण केळशीकर आधीच गुडघ्यावर खाली बसले होते. अंगठे वापरता येत नव्हते, म्हणून त्यांनी दोन्ही तळहात मथुराबाईंच्या पावलावर ठेवले आणि ते जमिनीवर घट्ट दाबून धरलं.