उभ्या गाडीचा सायरन

दिवाळे कोळीवाड्यातली रुतिका आमच्या शाळेत नववीला. मी विज्ञान शिकवून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, तरी परिपाठाला मला पाहुणी म्हणून अजून बोलावतात. त्या सोमवारी रुतिका बोलणार होती: रुग्णवाहिका जवळून जाताना सायरनचा सूर का बदलतो. भाषण जमलं तर विज्ञान प्रदर्शनाला ती, नाहीतर तेजस आणि त्याचा ज्वालामुखी, असं मुख्याध्यापक धर्मराज सरांनी आधीच सांगितलं होतं.

तिचा काका गणू गावच्या मंडळाची रुग्णवाहिका चालवतो. त्यानं ती मैदानात आणली. पण मुलं रांगेत असताना चाक हलवायचं नाही, हा सरांचा हुकूम. म्हणून गाडी उभीच.

"गाडी आपल्याकडे येते तेव्हा आवाजाच्या लाटा दाटीनं कानावर येतात, सूर चढतो," रुतिका म्हणाली. "लांब जाते तेव्हा विरळ येतात, सूर उतरतो."

गणूनं सायरन लावला. तो वर-खाली रडू लागला.

"बदलला की," सर खूश झाले.

रुतिकाला तिथंच थांबता आलं असतं. ती म्हणाली, "नाही सर. हा सायरन मुळातच असा आहे. गाडी हलली तर खरं कळेल."

"मोटा करू काय?" गणूनं खिडकीतून विचारलं.

"नको काका. आवाज मोठा होणं वेगळं, सूर बदलणं वेगळं."

"मग ज्वालामुखीच बरा," सर म्हणाले. तेजसनं लगेच केस सारखे केले.

 रुतिकानं खेळाच्या बाजीराव सरांकडून त्यांची बॅटरीवरची शिट्टी मागून घेतली. ती एकाच सुरात वाजते. गणूनं बटणावर चिकटपट्टी लावली, शिट्टी दोरीला कोळ्याच्या गाठीनं बांधली आणि डोक्यावर गरगर फिरवली. जाळं फेकणारा हात तो.

"बदलतोय," मुलं कुजबुजली.

खात्री करायला सर वाकून दोरीखालून गेले आणि गणूला खेटून उभे राहिले. "एकच तर सूर आहे."

"मना पन तसाच वाटतंय," गणू म्हणाला.

"सर, तुम्ही मधोमध आहात," रुतिका म्हणाली. "तिथून शिट्टी जवळ येत नाही, लांबही जात नाही. रांगेत या."

 मी वाशीला शिकवत असताना माझ्या पत्र्याच्या वर्गात हाच धर्मराज केवळ रांग चुकवायला मॉनिटर झाला होता, मला चांगलं आठवतं. तो आता मुकाट नववी ब मध्ये, तेजसच्या मागे जाऊन उभा राहिला.

"सर, हातभर अंतर," तेजस हळूच म्हणाला.

सरांनी अंतर घेतलं, डोळे मिटले. शिट्टीबरोबर त्यांची मान डोलू लागली.

"गणू, अजून जोरात," ते म्हणाले. मग पुढच्या खांद्यावर थोपटलं. "तेजस, तुझा ज्वालामुखी पुढच्या वर्षी."