तुटक रेघ

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत एके काळी सगळी माणसं एकाच दारातून आत यायची. दार मोठ्या साहेबांच्या केबिनचं. रजा हवी, दोरखंड कमी पडला, गिऱ्हाईक चिडलं, काहीही असो, दार ढकलायचं आणि विचारायचं. मग कामं वाढली, चार ठिकाणी शाखा झाल्या, आणि दाराबाहेर माणसं ताटकळू लागली. एकदा एकाच मोटारीची ऑर्डर तिघांनी तीनदा दिली. त्या दिवशी मोठ्या साहेबांनी एचआर मॅडमना बोलावून सांगितलं, कोण कुणाच्या हाताखाली ते एकदा कागदावर आणा.

मॅडम चाळिशीच्या, अबोल, कामाला वाघ. त्यांनी तक्त्याचे चौकोन काढायला सुरुवात करण्याआधी लोकांना गाठलं. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले: रजा कुणाकडे मागता? पगारवाढ कोण ठरवतं? काम अडलं तर पहिला फोन कुणाला? बऱ्याच जणांनी तिन्ही प्रश्नांना तीन वेगळी नावं सांगितली. डिझाइनमधली एक मुलगी म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, आमचं उलटं आहे. दोन्ही घरी पोटभर वाढतात आणि दोघेही म्हणतात, ताट स्वच्छ कर."

तेव्हा मॅडमनी तक्ता दोन दिशांनी आखला. उभे विभाग: डिझाइन, खरेदी, गुणवत्ता. त्यांना छेदत आडव्या टीम: हॉस्पिटलांची, घरांची, दुरुस्तीची. प्रत्येक माणसाला एकच ठळक रेघ. ती ज्याच्याकडे जाते तो रजा देणार, वर्षाचं मूल्यमापन करणार, पगारवाढ सुचवणार. दुसऱ्या साहेबाकडे तुटक रेघ. त्याने रोजचं काम सांगावं किंवा तांत्रिक सल्ला द्यावा, पण माणूस त्याचा नव्हे. कुणाला दोन ठळक रेघा द्यायच्या नाहीत, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. डिझाइनवाल्या मुलीचं ताट त्यामुळे बरंच हलकं झालं.

अडलं ते तपासनिसांपाशी. लिफ्ट गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी तिची चाचणी घेऊन सही करणारे हे इंजिनिअर. ते बसायचे साइटवर, म्हणजे प्रोजेक्टच्या माणसांत. काम मात्र गुणवत्तेचं. प्रोजेक्ट आणि साइट सगळं मोठ्या साहेबांच्या जावयांकडे होतं. ते म्हणाले, माणूस माझ्या साइटवर, त्याच्या गाडीचा खर्च माझा, मग त्याची रजा लांब बसलेल्याने कशाला मंजूर करायची? बोलणं चुकीचं नव्हतं. गुणवत्ता विभागाचे प्रमुख कुठल्याही प्रस्तावावर आधी "नाही" म्हणायचे, म्हणून त्यांना सगळे नाहीसाहेब म्हणत. इथेही ते नाही म्हणाले, आणि सवयीप्रमाणे कुणी ते मनावर घेतलं नाही. तपासनिसांची ठळक रेघ जावयांकडे गेली, तुटक रेघ नाहीसाहेबांकडे. खुद्द नाहीसाहेबांचा चौकोनही जावयांच्याच खाली आला, कारण एवढा छोटा विभाग थेट वर कशाला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं.

तक्ता भिंतीवर लागला आणि काही महिने सुरळीत गेले.

मग एका नव्या हॉस्पिटलची स्ट्रेचरची लिफ्ट तयार झाली. उद्घाटनाची तारीख छापून गेली होती. चाचणीत लिफ्टमध्ये क्षमतेच्या सव्वापट वजन घालून ती खाली सोडतात आणि ब्रेक लावतात. ब्रेकने ती धरली पाहिजे. इथे ब्रेक घसरला. तपासनिसाने सही केली नाही. जावयांनी त्याला समजावलं, मग आवाज चढवला, आणि मग लांबच्या शाखेत दुसऱ्या कामावर पाठवून दिलं. त्यांच्या अधिकारातलीच गोष्ट होती. दुसरा तपासनीस आला. त्याने कमी वजनावर चाचणी घेतली, सही केली. लिफ्ट ताब्यात गेली.

नाहीसाहेबांना हे कळलं ते बदली झालेल्या माणसाच्या फोनवरून. ते तडक मॅडमच्या टेबलापाशी आले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"ह्या तुटक रेघेने मी काय करू शकतो, ते सांगा."

"सल्ला देऊ शकता," मॅडम म्हणाल्या.

"दिला. आत्ताच प्रोजेक्टला फोन केला होता. ते म्हणाले, नोंद घेतली."

मॅडमनी पेन्सिल घेतली. तपासनिसांची ठळक रेघ नाहीसाहेबांकडे वळवली, तुटक रेघ प्रोजेक्टकडे. मग बोट त्या रेघेवरून वर नेलं आणि थांबल्या. नाहीसाहेबांच्या चौकोनातून निघालेली ठळक रेघ पुन्हा जावयांच्याच चौकोनात जात होती. वळसा घालून गाव तेच. ती रेघ बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. कागद भिंतीवरून काढून तशाच मोठ्या साहेबांकडे गेल्या.

जावयांनाही बोलावलं गेलं. मॅडमनी कुणावर आरोप केला नाही. काय घडलं ते सांगितलं आणि त्या लिफ्टचा ब्रेक पुन्हा तपासेपर्यंत ती बंद ठेवावी, असं सुचवलं. जावई म्हणाले, ब्रेकची पकड आठवडाभरात बसतेच, नव्या लिफ्टचं असंच असतं. आणि प्रत्येक सहीसाठी बाहेरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं तर तारखा मी कशाच्या जोरावर द्यायच्या?

"तारीख द्यायची आणि सही करायची, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हाताखाली नकोत," मॅडम मोठ्या साहेबांना म्हणाल्या. "तपासनीस गुणवत्तेकडे, आणि गुणवत्ता थेट तुमच्याकडे. कुठल्या साइटवर कधी जायचं, ते प्रोजेक्टनेच सांगावं. पण पास की नापास, ते नाही."

"म्हणजे माझ्या हाताखालचा विभाग काढून घ्यायचा," जावई सासऱ्यांकडे बघत म्हणाले.

मोठ्या साहेबांनी कागद पुढे ओढून जावयांच्या चौकोनावर बोट ठेवलं. मुलीचा संसार त्या चौकोनात होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी फोन उचलला आणि लिफ्ट बंद करायला सांगितली. मग म्हणाले, "तक्ता बदला."

दुसऱ्या दिवशी नाहीसाहेबांनी स्वतः उभं राहून चाचणी घेतली. सव्वापट वजनाला ब्रेक पुन्हा घसरला. उघडल्यावर दिसलं, ब्रेकच्या पॅडवर तेल उतरलं होतं. पॅड बदलले, तेलाची गळती बंद केली, ब्रेकने वजन धरलं. तोवर हॉस्पिटलचं उद्घाटन शेजारच्या लिफ्टवर भागलं होतं. पाहुण्यांना रांग लावावी लागली, एवढंच.

जावई कंपनीत राहिले. मोठ्या साहेबांची मुलगी मात्र बरेच दिवस वडिलांकडे जेवायला आली नाही.

बदली झालेल्या तपासनिसाला मॅडमनी स्वतः फोन केला. त्याने तोवर दुसरीकडे नोकरी धरली होती. आता सही गुणवत्तेच्या हातात आहे, प्रोजेक्टला बदली करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"चांगलं केलंत," तो म्हणाला. "पण आता मी इथे रुळलोय."

मॅडमनी त्याचा चौकोन रिकामा ठेवला आणि जागेची जाहिरात दिली.

वर्ष संपलं तेव्हा तपासनिसांच्या मूल्यमापनाची वेळ आली. नव्या पद्धतीप्रमाणे तुटक रेघेवरच्या साहेबाचं मत घ्यायचं होतं. जावयांनी एका नव्या तपासनिसाबद्दल एकच ओळ लिहून पाठवली: कामाला फार वेळ लावतो. नाहीसाहेबांनी ती वाचली, तिच्याखाली सही केली आणि त्या माणसाला विभागातले सर्वांत जास्त गुण दिले. मॅडमनी दोन्ही मतं एकाच फाइलला लावली आणि पुढच्या माणसाचं पान उघडलं.