वांग्यात पडलेलं कूट

शहागडला हायवेच्या कडेला बेबीनंदाची खानावळ आहे. पुढं पत्र्याचं शेड, त्यात बाकडी, मागं तिचं राहतं घर. नवरा भिवा म्हैस सांभाळतो, बाजार आणतो आणि गर्दी झाली की ताटंही वाढतो. भाकऱ्या थापायला गावातली साळूबाई येते. ट्रकवाले येतात, पिठलं, वांगी, डाळ, ठेचा असं जे असेल ते पोटभर खातात आणि निघतात. काय खात नाही, हे बेबीनंदाला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पुण्याहून लेकीचा, प्रीतीचा, फोन आला.

"मम्मी, उद्या माझ्या ऑफिसातले पाचजण नांदेडला चाललेत. जेवायला तुझ्याकडंच येतील. मला सुट्टी नाही, पण ते येतायत."

"येऊ दे की. काय करू? मटण टाकू का?"

"थांब, ऐक आधी. कनिका दूध, तूप, दही, अंडी, मध काहीच खात नाही. रितिकाला गहू चालत नाही. अमनला शेंगदाणा, काजू, बदाम कसलाच दाणा चालत नाही. अंकित आणि अक्षता सगळं खातात."

बेबीनंदा हसायला लागली. "मंग तिघांनी खायचं काय, हवा?" पण हसू ओसरल्यावर तिला खरंच कुतूहल वाटायला लागलं. गव्हानं माणसाला काय होत असेल? "त्या पोरीला फोन दे बरं. मीच विचारते."

रितिकानं न कंटाळता सांगितलं. गहू, मैदा, रवा, शेवया पोटात गेल्या की तिच्या आतड्याला सूज येते, अंगाला अन्न लागत नाही. शाळेत असताना ती वाळून काटकी झाली होती, मग डॉक्टरांना सापडलं.

"काकू, थोडंसुद्धा चालत नाही. पोळीच्या तव्यावरची भाकरीही नको. आणि हिंग असेल तर नका घालू, त्यात बरेचदा गव्हाचं पीठ असतं."

"हिंगात गहू? काहीतरीच काय बाई!"

फोन ठेवल्यावर बेबीनंदानं हिंगाची डबी उलटी केली आणि उजेडात धरली. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: गव्हाचं पीठ. इतकी वर्षं चिमूट चिमूट टाकून राह्यली होती ती. मग तिला आठवलं की काळ्या मसाल्यातही हिंग तळून घातलाय. म्हणजे काळा मसालाही बाद.

मग परत फोन लावून अमनला तिनं दोनच गोष्टी विचारल्या, तीळ आणि खोबरं. "दोन्ही चालतात काकू. संक्रांतीला तिळगूळ खातो मी, फक्त दाण्याचं कूट नसलेला."

संध्याकाळी भिवा म्हशीची धार काढून आला तेव्हा बेबीनंदा चुलीपुढं नुसतीच बसून होती.

"काय झालं, बेबे?"

"जेवण जुळवून राह्यले. पोळी न्हाई. दही न्हाई. ठेच्यात शेंगदाणा, भाजीत शेंगदाणा. भाकरी म्हणावं तर पीठ पप्पूच्या गिरणीचं, तिथं आधी गहू पडतो मंग ज्वारी."

"दूधबी न्हाई घेत ती पोरगी? आपल्या म्हशीचं?" भिवाच्या आवाजात जरा दुखावल्यासारखं होतं.

"कुणाच्याच म्हशीचं न्हाई."

ज्वारी घरची होती, पोत्यात. अख्ख्या ज्वारीला गिरणी कशाला लागते, असं तिच्या मनात आलं. तिनं ज्वारी परातीत पसरून निवडली, एखादा गव्हाचा दाणा चुकून आलाय का ते बघितलं, दोन-तीन पाण्यांनी धुतली आणि उडदाच्या डाळीबरोबर भिजत घातली. मिक्सरबरोबर आलेलं एक भांडं अजून पिशवीत गुंडाळलेलंच होतं, त्याला कधी कूट लागलेलं नव्हतं. त्यात सकाळी वाटायचं आणि धिरडी घालायची. तवा प्रीतीनं दिवाळीला आणलेला, डोश्याचा. तोही कोराच होता.

सगळा स्वयंपाक मागच्या घरात करायचं तिनं ठरवलं. खानावळीत पोळ्यांचं पीठ उडतं, ते डोळ्यांना दिसत नाही पण सगळीकडं बसतं. रविवारी सकाळी घरात तिनं ओटा धुतला, तेलाची नवी पिशवी फोडली आणि कामाला लागली. तुरीच्या डाळीला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. जवसाची चटणी कोऱ्या भांड्यात वाटली. वांग्यांत कूट घालायचं नसल्यामुळं तीळ-खोबऱ्याचं वाटण भरलं, त्यात धने, जिरे, तिखट. नारळाचं दूध काढून गुळाची तांदळाची खीर केली. ती चाखताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. दुधावाचून खीर होते, आणि बरी लागते.

सगळं खाणाऱ्या दोघांसाठी भिवानं गोदावरीतला मासा आणला. तो तळायचा बाहेरच्या चुलीवर, वेगळ्या कढईत.

दुपारी गाडी आली. पाचही जण गाडीतून उतरून अंग मोकळं करत होते. बेबीनंदा पदराला हात पुसत पुढं गेली. कोण कोण ते तिला लगेच ओळखता येईना. बारीक अंगाची असेल ती रितिका, असं वाटलं होतं. पण रितिका चांगली दणकट निघाली.

कनिका थेट गोठ्याकडं वळली. भिवा तिच्यामागं गेला. त्याला राहवत नव्हतंच.

"काका, हिचं पिल्लू कुठाय?"

"ते काय, दावणीला. दोन थानं त्याची, दोन आमची."

"आणि नर झाला तर?"

"खरं सांगू का? रेड्याला काम न्हाई राह्यलं आता. विकून टाकतो."

"मी म्हणूनच सोडलं दूध," कनिका म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं पारडूच्या कपाळावर हात फिरवला. भिवाला हे पटलं नाही, पण ती विचारून राह्यली होती म्हणून तोही बोलत राहिला, चारा, पेंड, वेताचे दिवस. कनिकानं सगळं ऐकून घेतलं.

एवढ्यात बेबीनंदा घरात परतली. साळूबाई चुलीपाशी उभी होती. खानावळीत गिऱ्हाईक कमी म्हणून मदतीला आल्ती.

"हात धुऊन आले बरं का मी. पिठाचा एक कण न्हाई," साळूबाई कौतुकानं म्हणाली.

बेबीनंदानं वांग्याच्या पातेल्यात डोकावलं. रस्सा दाट दिसत होता. "गं साळूबाई, हे असं घट्ट कसं झालं?"

"पाणी सुटल्तं वांग्याला. मंग पलीकडून दोन मुठी कूट आणून टाकलं. आता बघ कसं बराबर आलंय."

बेबीनंदानं पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. "कूट? शेंगदाण्याचं?"

"मंग कशाचं?"

"आणि ढवळलं कशानं?"

साळूबाईनं पळी दाखवली. त्याच पळीनं तिनं डाळही हलवली होती, खाली लागू नये म्हणून.

गव्हाचं साळूबाईला सांगितलं होतं. दाण्याचं सांगायचं राहून गेलं होतं. रागवायचं तरी बोल कुणाला लावायचा, हे बेबीनंदाला कळेना. बाहेर पानं मांडलेली. डाळ तर दिसायला जशीच्या तशी होती. पळीला लागलेलं कूट असेल किती, नखाएवढं. शिजलेलं आहे, उकळलेलं आहे. क्षणभर तिच्या मनात आलं, काही होणार नाही.

मग ती बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अमन बाळा, वांग्यात दाण्याचं कूट पडलंय. तीच पळी डाळीत गेली. दोन्ही तू खायचं न्हाई. मी तुझ्यासाठी डाळ परत लावते, थोडं थांबावं लागंल."

अमन उठून उभा राहिला. "काकू, सांगितलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण सांगत नाहीत, नंतर कळतं."

"कळतं म्हणजे?"

"ओठ सुजतात. मग श्वास अडकतो. दहावीत सहलीला एकदा चिक्कीचा तुकडा गेला, थेट दवाखान्यात. तेव्हापासून हे." त्यानं सॅकच्या कप्प्यावर हात ठेवला. "इंजेक्शन सोबत असतं."

साळूबाई दारात येऊन ऐकत होती. तिचा चेहरा पडला होता. "नुसत्या एका तुकड्यानं?" तिनं विचारलं.

"हो मावशी."

"मंग उपासाला तुझी आई काय खाऊ घालायची रे तुला? खिचडीत तर दाणाच."

अमन हसला. "बटाटा, मावशी. नुसता बटाटा."

साळूबाईला इतकं वाईट वाटलं की ती स्वतःच वांग्याचं पातेलं उचलून शेडात घेऊन गेली. डाळीचंही तिकडंच नेलं. ओट्यावर दोनदा साबण फिरला. बेबीनंदानं कोपरापर्यंत हात धुतले, लहान कुकर घासून घेतला, नवी पळी काढली. झाकलेलं धिरड्याचं पीठ, भात, चटणी आणि खीर यांना साळूबाईचा हात लागलेला नव्हता, हे तिनं तिला दोनदा विचारून पक्कं केलं.

"तुम्ही बसा जेवायला, भूक लागली असंल," ती बाकीच्यांना म्हणाली.

पण कोणी बसेना. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रितिका दारात उभी राहून धिरडी बघत राहिली. पीठ तव्यावर पसरलं की भोकं पडायची, कडा सुटायच्या.

"काकू, यात नक्की काय काय आहे?"

"ज्वारी आणि उडीद. गिरणीचं तोंडबी न्हाई बघितलं त्यानं."

मग सगळे एका पंगतीत बसले. पहिलं जेवण एकच, पाचही जणांना चालणारं: धिरडी, भात, नवी डाळ, जवसाची चटणी. रितिका प्रवासात डबाच खाते, असं अक्षतानं सांगितलं. आज तिचा डबा गाडीतच राहिला होता. एक धिरडं झालं, दुसरं झालं, मग तिनं विचारायचंच सोडून दिलं आणि बेबीनंदा वाढत राहिली. कनिकानं खिरीतलं दूध नारळाचं आहे यावर विश्वास ठेवायला बराच वेळ घेतला.

जेवण संपल्यावर अंकित आणि अक्षता शेडात गेले. तिथं भिवानं मासा तळला होता आणि साळूबाईनं वांग्याचं पातेलं मांडून ठेवलं होतं. गरम भाकरीबरोबर दोघांनी ते जवळजवळ संपवलं.

"मावशी, कूट घातल्यामुळंच भारी झालंय," अंकित म्हणाला.

"गप ए," साळूबाई म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला. दोघांना गाडीत बसायच्या आधी तिनं साबण लावून हात धुवायला लावले, तोंडही. मग अमनला दाखवून विचारलं, "आता बराबर?"

गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली. बेबीनंदा भांडी आवरत बसली. दमली होती, पण डोकं काही थांबत नव्हतं.

संध्याकाळी नेहमीचा एक तमिळ ट्रकवाला आला. वर्ष-दोन वर्षांपासून महिन्यातून एकदा तरी यायचा, बाकड्याच्या टोकाला बसायचा, ताटात येईल ते खायचा. बेबीनंदानं ताट वाढायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"भैया, आपको कुछ चलता न्हाई, ऐसा है क्या?"

तो गोंधळला. मग जरा लाजून पोटावर हात ठेवला. "मिर्ची, दीदी. अल्सर है."

"आणि आतापत्तर ठेचा खाऊन राह्यलात?"

"आप देते थे," तो म्हणाला. "किसीने पूछा नहीं."

बेबीनंदानं ताटातला ठेचा काढून घेतला आणि आत वळून हाक मारली, "साळूबाई, नुसतं वरण आहे का गं थोडं, बिनतिखटाचं?"