थांबा, ती अजून बोलतेय

जॉर्डनमधल्या आमच्या इर्बिद शहराच्या बधिर संघटनेचे अध्यक्ष डॉक्टर फव्वाज यांना यादीचं वेड आहे. कोणाचाही सत्कार असो, पदव्या, परिषदा, प्रशस्तिपत्रं असं सगळं वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. या वर्षी पुरस्कार आमचे खुणांच्या भाषेचे दुभाषे, हिकमत सर यांना होता आणि त्यांची ओळख करून द्यायची जबाबदारी माझ्यावर, म्हणजे चिटणीस रुदैनावर होती. डॉक्टरसाहेबांनी दोन पानं माझ्या हातात कोंबली.

मी म्हटलं, यातलं एकही वाक्य उद्या कोणाला आठवणार नाही, मी एकच गोष्ट सांगणार. बधिर लोक माणसाला खुणेचं नाव देतात. हिकमतचं नाव म्हणजे पुढे केलेला तळहात, ‘थांबा’. ते का पडलं, एवढं सांगितलं की पुरस्कार का दिला ते आपोआप कळतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, “बरं, गोष्ट सांगा. मग यादी वाचा.” कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

पण खरी डोकेदुखी हिकमतच होता. गोष्ट सांगणार म्हटल्यावर तो सरळ म्हणाला, “रुदैना, दवाखान्यात जे घडलं ते माझं नाही, तिचं आहे. दुभाष्याने असलं बाहेर बोलायचं नसतं. तू सांगितलंस तर मी मंचावर येणार नाही.” बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

शेवटी मी तिच्याकडेच गेले. उम्म सुहैल, म्हणजे सुहैलची आई, शिवणकाम करणारी बधिर बाई; आमच्याकडे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. तुमची गोष्ट मी सांगू का, असं विचारल्यावर तिने हातातली सुई बाजूला ठेवली. मग तिने खुणेने सांगितलं, “तू का? मीच सांगते.”

समारंभाच्या दिवशी दुसरी दुभाषी लमीस ऐनवेळी बहिणीच्या साखरपुड्यात अडकली. फोनवर म्हणाली, निघालेच आहे. तिचं ‘निघालेच’ मला चांगलं माहीत आहे. मला खुणा समजतात, पण त्या बोलून दाखवायला गेले की अर्धं सांडतं. म्हणजे सत्कारमूर्तीनेच स्वतःची स्तुती माइकवर बोलून दाखवायची! डॉक्टरसाहेब लगेच म्हणाले, मग यादीच वाचू. मी यादी पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

उम्म सुहैल मंचावर आली. हिकमत पडलेल्या चेहऱ्याने माइकपाशी उभा राहिला. दुभाषा समोरच्याच्या ‘मी’नेच बोलतो, काही गाळत नाही, काही घालत नाही. नव्यांना तो हेच घोकायला लावतो.

तिचे हात हलू लागले आणि त्याचा जाडा आवाज सभागृहात घुमला. “माझं नवं लग्न झालं होतं. पोटात गाठ होती. नवरा आखातात. डॉक्टरीणबाई माझ्या दिराशी बोलत होती. गर्भाशय काढू म्हणाली, दीर म्हणाला, वहिनीला मान्य आहे. मला कोणी विचारलंच नाही.”

इथपर्यंत ठीक. मग तिने तळहात पुढे केला आणि बरंच काही सांगितलं. हिकमत खाकरला. “तिथे एक दुभाषा होता. मग डॉक्टरीणबाईने मला विचारलं.”

बस्स, एवढंच. गोष्टीचा जीवच गिळून टाकला यानं! मी खुर्चीतून अर्धी उठले.

पण त्याआधीच उम्म सुहैलचे हात थांबले होते. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने त्याच्यासमोर तळहात धरला. थांबा. मग छातीवर बोट ठेवून सावकाश खुणा केल्या. मी अजून बोलतेय.

सभागृहातले बधिर लोक हसायला लागले. ऐकणाऱ्यांना काही कळेना. हिकमत लाल झाला. त्याने तिची क्षमा मागितली आणि सोडलेलं सगळं पुन्हा घेतलं.

“सहीचा कागद पुढे आला. तेवढ्यात या माणसाने हात आडवा घातला. म्हणाला, थांबा, ती अजून बोलतेय. दीर ओरडला, तू फक्त भाषांतर कर. हा म्हणाला, तेच करतोय, ती विचारतेय की मला नंतर मूल होईल का. डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, मला वाटलं होतं हिला सगळं सांगितलंय. मग तिने फक्त गाठ काढली.”

उम्म सुहैलने पहिल्या रांगेकडे बोट केलं. तिथे एक उंच, दाढीवाला तरुण मान खाली घालून बसला होता. हिकमतने तिकडे बघायचं टाळलं, पण शब्द टाळता येईनात.

“तो माझा सुहैल. हा हात आडवा आला नसता, तर...” तो अडला. ती वाट बघत राहिली. गाळू देणार नव्हती. “तर तुम्ही मला उम्म सुहैल म्हणून हाक कशी मारली असती?”

सगळ्या सभागृहात हात वर गेले, तळवे हलू लागले. बधिरांच्या टाळ्या अशाच असतात, आवाज नसलेल्या. मीही दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब माझ्याकडे झुकले आणि विचारू लागले, “यादी कुठंय?”

मी त्यांच्यासमोर तळहात धरला.