साडेपाच मीटर निळं कापड

माझा पहिला सोफा होता तो! लग्नानंतर दोन वर्षं मी मामंजींच्या सोफ्यांना कापड चढवायच्या दुकानात नुसती शिवणमशीन चालवत होते. टेप आणि कात्री त्यांच्याच, म्हणजे सासरेबुवांच्या, हातात. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "हा तिघांचा सोफा तू कर." मी अशी हरखले की चहा प्यायचाही विसरले. पण गिऱ्हाईक बाईंनी पसंत केलेलं निळं कापड उरलं होतं साडेपाच मीटर. आणखी येणार नव्हतं.

शिवण आणि आत खोचायचं धरून मी मापं सेंटिमीटरात लिहिली. बैठक एकशेऐंशी बाय शंभर, पाठ एकशेऐंशी बाय ऐंशी, मागची पाठ एकशेपंच्याऐंशी बाय पंचाहत्तर, हातांचे चार तुकडे नव्वद बाय साठ. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, किनार सोडून, एकशेचाळीस.

मामंजींनी मान हलवली. "पन्हा सोफ्याला पुरत नाही. लांब तुकड्यांना कापडाचे दोन-दोन पट्टे जोडायचे. त्याचेच पाच मीटर दहा, हातांचे दोन चाळीस. साडेसात! बाईंना कळवतो, जमणार नाही म्हणून."

"मामंजी, थांबा ना जरा!"

माझा जीव टांगणीला लागला. मी कापडावर हात फिरवला. उभा, आडवा. रंग बदलेना. ना फूल, ना मखमलीसारखी लव. मग ते उभंच का लावायचं?

"आडवं कापू या!" मी जवळजवळ ओरडलेच. "सोफ्याची लांबी कापडाच्या लांबीवर. जोड नकोच. बैठक एकशेऐंशी, पाठ एकशेऐंशी, मागची एकशेपंच्याऐंशी. पाच पंचेचाळीस!"

"आणि हात काय माझे लावणार?"

"पाठीशेजारी साठची पट्टी उरते, त्यात दोन हात. मागच्या पाठीशेजारी पासष्टची, त्यात दोन. बैठकीशेजारची चाळीसची आहेच, कडेच्या गोटाला."

त्यांनी टेप घेऊन कापड स्वतः मोजलं. टोक तिरकं कापलेलं निघालं. सरळ केल्यावर उरलं पाच शेहेचाळीस. म्हणजे एक सेंटिमीटर जादा! खडूच्या रेघा मी तीनदा तपासल्या आणि कात्री घातली.

चौथा हात सुटा झाला तेव्हा मी टाळीच वाजवली. मामंजींनी त्यावर टेप लावली. नव्वद बाय साठ, चोख. ते मिशीत हसले. मग कोपऱ्यातल्या दुसऱ्या सोफ्याकडे बोट करून म्हणाले, "याला किती लागेल गं?"

या दुकानात त्यांनी कुणाला माप विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज मी अगदी कारागिराचा काढला.

"आधी कापड दाखवा."

"फुलाफुलांचं आहे."

"मग आडवं कापलं तर फुलं झोपतील, मामंजी. ते उभंच कापायचं."

"बरं," ते म्हणाले आणि मी सांगेन तो आकडा लिहायला खडू उचलला.